सरासरी पगाराची हेडलाइन आणि संपादकांना लिहायचं पत्र



गेल्या व्हिडिओत मी वर्तमानपत्राच्या एका हेडलाइनचा फोटो दाखवला होता. 'शहरातील दुकान कर्मचाऱ्यांचा पगार सरासरी २४ हजारांवर'. हा फोटो आपल्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर फिरला, तसाच दुकानात काम करणाऱ्या मुलामुलींच्या ग्रुपवरही फिरला. व्हिडिओखाली तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, "ताई, आमचा पोरगा हा फोटो दाखवून पगार मागतोय. आम्ही खरंच एवढा कमी देतोय का?" काहींनी त्याच्या उलट लिहिलं, की पेपरवाले काहीही छापतात, सोडून द्या.

मला दोन्ही पटत नाही. त्या बातमीतला आकडा खोटा नाही, म्हणून ती सोडून देता येत नाही. पण तो आकडा ज्याला लावलाय त्या माणसाचा तो नाही, म्हणून तो पाहून घाबरायचंही कारण नाही. अशा वेळी ग्रुपवर भांडण्यापेक्षा संपादकांना एक पत्र लिहावं, असं माझं मत आहे. ते कसं लिहायचं, त्यात काय म्हणायचं आणि काय मुळीच म्हणायचं नाही, हे व्हिडिओत बसलं नाही ते इथे सविस्तर सांगते. वर्तमानपत्राचं आणि शहराचं नाव मुद्दाम घेत नाही. आकडेही हिशोबाला सोपे जावेत म्हणून गोल करून घेतलेत.

आधी पूर्ण बातमी शोधा

फोटोत फक्त हेडलाइन होती. तारीख नाही, आवृत्ती नाही, खालचा मजकूर कापलेला. अशा फोटोवरून पत्र लिहिलं तर ते संपादकांच्या टेबलावरून थेट टोपलीत जाईल, आणि त्यात त्यांची चूक नाही. एकच बातमी शहर आवृत्तीत एका शीर्षकाने आणि जिल्ह्याच्या पानावर दुसऱ्या शीर्षकाने छापलेली असू शकते. म्हणून ई-पेपर उघडून तारीख, आवृत्ती आणि पान क्रमांक लिहून घ्यायचा, आणि बातमी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची.

आणखी एक गोष्ट. बातमी लिहिणारा वार्ताहर आणि हेडलाइन देणारा डेस्कवरचा उपसंपादक ही बहुतेक वेळा दोन वेगळी माणसं असतात. बातमीत सगळं नीट असतं, आणि शीर्षकाच्या जागेत बसवताना त्यातलं नेमकं महत्त्वाचं गळतं. इथे तसंच झालं होतं. बातमीच्या तळाशी छोटी चौकट होती, आणि त्या चौकटीतच सगळं उत्तर होतं.

चौकटीत लिहिलं होतं, की नोकऱ्या लावून देणाऱ्या एका खासगी संस्थेने २०० कर्मचाऱ्यांची माहिती घेतली. त्यात १० ते १५ हजार पगार असलेले ९० जण, १५ ते २० हजारांचे ६०, २० ते ३० हजारांचे ३०, ३० ते ५० हजारांचे १० आणि ५० हजारांच्या वरचे १०. या शेवटच्या दहा जणांत शोरूमचे मॅनेजर आणि विभागीय व्यवस्थापक आहेत, असंही एका वाक्यात म्हटलं होतं.

आता हिशोब करू

पहिल्या दोन गटांची बेरीज करा. ९० आणि ६० म्हणजे १५०. म्हणजे २०० पैकी १५० जणांना २० हजारांपेक्षा कमी पगार आहे. चारातल्या तिघांना हेडलाइनमधला पगार मिळतच नाही. चौथ्यालाही मिळतो की नाही हे नक्की सांगता येत नाही, कारण २० ते ३० च्या गटात २२ हजारवालाही असेल.

मग सरासरी २४ हजार आली कुठून? सरासरी म्हणजे सगळ्यांच्या पगारांची बेरीज भागिले माणसं. २०० जणांची सरासरी २४ हजार असेल तर एकूण पगार ४८ लाख झाला. आता एक गंमत करा. खालच्या चारही गटांतल्या प्रत्येकाला त्या गटातला जास्तीत जास्त पगार मिळतो असं धरा. ९० जणांना १५ हजार म्हणजे साडेतेरा लाख. ६० जणांना २० हजार म्हणजे १२ लाख. ३० जणांना ३० हजार म्हणजे ९ लाख. १० जणांना ५० हजार म्हणजे ५ लाख. सगळं मिळून साडेएकोणचाळीस लाख. इतकं सढळ हाताने वाटलं तरी ४८ लाखांतले साडेआठ लाख उरतातच, आणि ते शेवटच्या दहा जणांचे आहेत. म्हणजे त्या दहा जणांचा सरासरी पगार कमीत कमी ८५ हजार निघतो. खरा पगार त्याहून जास्तच असणार, कारण खालच्या गटांना आपण जरा जास्तच वाटलं होतं.

हीच गोष्ट उलट्या बाजूने पाहा. ते दहा जण बाजूला काढले तर उरलेल्या १९० जणांची सरासरी कितीही ताणली तरी २०,८०० च्या वर जात नाही. दोनशेतले दहा जण हलवले की आकडा तीन हजारांहून जास्त खाली येतो. सरासरी फसवी आहे का, हे ओळखायची ही सोपी खूण आहे. वरची चार-दोन माणसं काढून बघा. आकडा जागचा फारसा हलला नाही तर सरासरी ठीक. धपकन खाली आला तर ती त्या वरच्या माणसांची सरासरी आहे, बाकीच्यांची नाही.

मधला माणूस कोण

दहावीच्या बीजगणितात सांख्यिकीचा धडा होता. त्यात मध्य, मध्यक आणि बहुलक असायचं. मध्य म्हणजे ही सरासरी. आपल्याला इथे पाहिजे तो मध्यक. सगळ्या २०० जणांना पगाराच्या क्रमाने एका रांगेत उभं करा, सगळ्यात कमी पगारवाला पहिला. शंभरावा आणि एकशेएकावा ही मधली माणसं. त्यांचा पगार तो मधला पगार. अर्धे लोक त्याच्या खाली, अर्धे वर.

आपल्या चौकटीत पहिले ९० जण १५ हजारांच्या आत संपतात. पुढचे ६० जण, म्हणजे एक्क्याण्णवाव्यापासून एकशेपन्नासाव्यापर्यंत, १५ ते २० हजारांत आहेत. शंभरावा आणि एकशेएकावा दोघंही याच गटात, आणि तेही सुरुवातीलाच. म्हणजे मधला पगार १५ ते २० हजारांमध्ये आहे, बहुधा १५ च्या जवळ. पुस्तकातलं सूत्र लावलं तर १५,८०० च्या आसपास येतो. पण ते सूत्र गटातली माणसं सारख्या अंतराने पसरली आहेत असं गृहीत धरतं. प्रत्यक्षात पगार १५, १६, १८ असे गोल आकड्यांवर अडकलेले असतात. म्हणून पत्रात '१५,८००' असं लिहू नका. '१५ ते २० हजारांच्या गटात' एवढंच लिहा. ते चौकटीतून सिद्ध होतं, त्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही.

इथे अनेक जण घसरतात. नुसती सरासरी दिलेली असेल आणि गटांचा तक्ता नसेल, तर मधला पगार काढताच येत नाही. 'सरासरी २४ म्हणजे मधला १६ असणार' असं अंदाजाने लिहिलं, की तुम्हीही पुरावा नसलेला आकडा छापायला पाठवताय. तक्ता नसेल तर पत्रात तक्ता मागा. मधला आकडा स्वतः बनवू नका.

सरासरी वाईट असते असं नाही

तुमच्या दुकानाचंच घ्या. पाच मुलं १२ हजारांवर आणि एक मॅनेजर ६० हजारांवर. महिन्याचा पगार झाला १ लाख २० हजार, सहा माणसांत सरासरी २० हजार. दुकानात २० हजार पगार असलेला एकही माणूस नाही. तरीही हा आकडा तुमच्या कामाचा आहे, कारण सहाने गुणलं की पगाराच्या दिवशी बँकेत किती पैसे लागतील ते कळतं. एकूण खर्चाचा प्रश्न असेल तिथे सरासरीच पाहिजे. पण 'या दुकानात लागलो तर मला किती मिळतील?' असं विचारणाऱ्या मुलाला २० हजार सांगणं म्हणजे त्याला फसवणं आहे.

वर्तमानपत्रातली पगाराची बातमी वाचणाऱ्याचा प्रश्न जवळपास नेहमी हा दुसराच असतो. म्हणूनच जिथे पगाराचा आकडा जबाबदारीने सांगावा लागतो, तिथे मधला पगार धरतात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १९७ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला प्रत्येक संचालकाचं मानधन मधल्या कर्मचाऱ्याच्या पगाराच्या किती पट आहे ते संचालक मंडळाच्या अहवालात द्यावं लागतं. तिथे सरासरी धरली असती तर बड्या अधिकाऱ्यांच्याच पगारामुळे सरासरी फुगली असती आणि दरी लहान दिसली असती. कॉलेजांची सरकारी क्रमवारी, म्हणजे एनआयआरएफ, तिथेही नोकरी लागलेल्या मुलांचा मधलाच पगार मागतात. त्यामुळे संपादकांकडे आपण काही जगावेगळं मागत नाही आहोत.

पत्र कसं लिहायचं

वाचकांच्या पत्रांना जागा थोडी असते आणि कात्री बहुतेक शेवटून लागते. त्यामुळे 'आपल्या लोकप्रिय दैनिकाचा मी गेली पंधरा वर्षे नियमित वाचक आहे' हे वाक्य आधी काढून टाका. त्या जागेत तुमचा मुख्य मुद्दा बसतो. मी पाठवलेलं पत्र असं होतं :

> मा. संपादक,
>
> अमुक तारखेच्या शहर आवृत्तीत पान ३ वर 'शहरातील दुकान कर्मचाऱ्यांचा पगार सरासरी २४ हजारांवर' ही बातमी आहे. त्याच बातमीच्या चौकटीनुसार २०० पैकी १५० कर्मचाऱ्यांचा पगार २० हजारांच्या आत आहे. म्हणजे किमान तीन चतुर्थांश कर्मचाऱ्यांना शीर्षकातला पगार मिळत नाही. सरासरी वर नेणारे दहा जण शोरूमचे मॅनेजर आणि विभागीय व्यवस्थापक आहेत, हेही चौकटीत आहे. पगाराच्या क्रमाने लावल्यास मधल्या कर्मचाऱ्याचा पगार १५ ते २० हजारांच्या गटात येतो. आकडे बरोबर आहेत, शीर्षकाने मात्र त्यांचा अर्थ बदलला आहे. '२०० पैकी १५० दुकान कर्मचाऱ्यांना २० हजारांहून कमी पगार' असे शीर्षक याच चौकटीतून देता आले असते. यापुढे पगाराच्या बातमीत सरासरीसोबत मधला पगार आणि माहिती किती जणांची आहे हे द्यावे, ही विनंती. मी स्वतः दुकान चालवते आणि कर्मचाऱ्यांना पगार देते, हे वाचकांना माहीत असावे.

पत्र एवढंच आहे. यातल्या तीन गोष्टींकडे लक्ष द्या.

पहिली, एकही आकडा बाहेरून आणलेला नाही. सगळे त्यांच्याच बातमीतले आहेत. 'आमच्या बाजारात तर १२ हजारच देतात' असं लिहिलं असतं तर वाद माझ्या बाजाराचा झाला असता, त्यांच्या शीर्षकाचा नाही.

दुसरी, मागणी एकच आणि करता येण्यासारखी आहे. 'माफी मागा' म्हटलं की समोरचा माणूस बचावाला उभा राहतो. आणि इथे माफी मागण्यासारखं खोटं कोणी छापलेलंही नाही. संपादक दोन गोष्टी म्हणू शकतात. एक, आकडा संस्थेचा आहे, आमचा नाही. त्यावर उत्तर असं, की आकडा संस्थेचा असेल, शीर्षक तुमचं आहे. दुसरं, मध्यक वगैरे वाचकाला कळत नाही. म्हणून तर पर्यायी शीर्षक देऊन ठेवायचं. '२०० पैकी १५० जणांना २० हजारांहून कमी' यात गणिताचा एकही शब्द नाही.

तिसरी, शेवटचं वाक्य. मी पगार देणारी आहे. पगाराचा आकडा फुगलाय असं मी म्हणते तेव्हा यात माझा फायदा आहे का, ही शंका वाचकाला येणारच, आणि ती यावी. ते आपणच सांगितलं की पत्र वाचलं जातं. लपवलं आणि नंतर कोणी काढलं, की हिशोब कितीही बरोबर असो, तो गेला. जागेअभावी कात्री लागायची भीती वाटत असेल तर हे वाक्य सहीच्या वर न ठेवता सुरुवातीलाच घ्या.

पत्राखाली पूर्ण नाव, पत्ता आणि फोन नंबर द्या, कारण निनावी पत्र छापत नाहीत. अंकात कुठेतरी बारीक अक्षरात मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं असतात. तिथे किंवा पत्रांच्या सदराच्या खाली ईमेल मिळतो. आणि फिरत आलेला फोटो जोडू नका. ई-पेपरचं पूर्ण पान जोडा, ज्यात हेडलाइन आणि चौकट दोन्ही दिसतात.

पत्राने काय सिद्ध होत नाही

हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण आता मी व्यापाऱ्यांशी बोलतेय. मधला पगार १५ ते २० हजारांत आहे हे कळल्यावर काही जणांना लगेच वाटेल, बरं झालं, आता पोराला दाखवतो. थांबा.

ही माहिती एका संस्थेने घेतलेल्या २०० जणांची आहे. नोकरी लावून देणाऱ्या संस्थेकडे कोण जातो? शोरूम जातात, मोठी दुकानं जातात. गल्लीतलं किराणा दुकान ओळखीतला पोरगा ठेवतं, त्याची नोंद तिथे नसते. म्हणून हा मधला पगारही 'शहराचा' नाही, त्या दोनशे जणांचा आहे. एनआयआरएफच्या आकड्याचंही तेच. तो नोकरी लागलेल्यांचा मधला पगार असतो. ज्यांना लागली नाही ते त्या रांगेत उभेच नाहीत. सरासरी असो वा मधला, आधी विचारायचं, की रांगेत कोण कोण उभं आहे?

शिवाय मधला पगार म्हणजे योग्य पगार नव्हे. अर्धे लोक त्याच्या खाली असतात एवढंच तो सांगतो. ते तिथे असावेत की नाही, हे सांगत नाही. कायद्याचं किमान वेतन ही वेगळी रेघ आहे. दुकानांसाठी ते परिमंडळ आणि कामाच्या कौशल्यानुसार ठरतं, आणि त्यात महागाईप्रमाणे बदलणारा विशेष भत्ता धरावा लागतो. तुमचा पगार त्या रेघेच्या खाली असेल तर वर्तमानपत्राची सरासरी काय आणि मधला काय, बोलणं तिथेच संपतं.

आणि रेघेच्या वर असाल तर पोराने आणलेल्या फोटोला हसू नका. तो फोटो घेऊन तुमच्याकडे आलाय, न सांगता दुसऱ्या दुकानात गेलेला नाही. त्याच्यासमोर ई-पेपर उघडा, चौकट दाखवा, ९० आणि ६० ची बेरीज त्यालाच करू द्या. मग त्याला विचारा, की काउंटर सांभाळणाऱ्या, स्टॉक मोजणाऱ्या आणि तीन वर्षं टिकलेल्या माणसाचा पगार या तक्त्यात कुठल्या गटात पाहिजे? कदाचित तुमचं उत्तर आणि त्याचं उत्तर वेगळं येईल. पण मग बोलणं त्याच्या कामावर होईल. दहा मॅनेजरांच्या पगारावर होणार नाही.

माझं पत्र सहाव्या दिवशी छापून आलं. पर्यायी शीर्षकाचं वाक्य गेलं होतं, बाकीचं राहिलं. जुनी हेडलाइन मागे घेतली गेली नाही, तशी अपेक्षाही नव्हती. पण आता हेडलाइनचा फोटो ज्या ग्रुपवर येतो, तिथे त्याखाली छापील पत्राचा फोटो टाकता येतो. ग्रुपवरचं माझं मत कोणी वाचलं नसतं. त्याच पेपरात छापलेला त्याच पेपरचा हिशोब मात्र लोक वाचतात.

तुमच्याकडे असा पगाराच्या हेडलाइनचा फोटो आला असेल तर आधी पूर्ण बातमी शोधा. त्यात गटांचा तक्ता असेल तर वरची माणसं काढून बेरीज करा, मधला माणूस कुठल्या गटात येतो ते बघा, आणि पत्राचा मसुदा कमेंटमध्ये टाका. एखादा आकडा बातमीबाहेरचा आलाय का, तेवढं मी तपासून देते.